चार नंबरच्या खोलीसाठी अर्ज

आमच्या वसतिगृहात चार नंबरची खोली कुणालाच नको असायची. खोली वाईट नव्हती हो. तळमजल्यावर, दोनच खाटा, खिडकीतून भरपूर उजेड, नळ अगदी हाकेच्या अंतरावर. पण तिची एक भिंत आमच्या वॉर्डन कडीबाईंच्या खोलीला लागून होती, आणि भिंत कसली, नुसतं लाकडी पार्टिशन. पूर्वी ती एकच मोठी खोली होती, मध्ये फळ्या ठोकून तिच्या दोन केलेल्या. इकडे कुणी शिंकलं की तिकडून लगेच विचारणा, "कोण गं ती? सर्दी झाली का?" आता सांगा, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींना अशी खोली कशाला हवी? त्या वयात बोलायचं असतं तेच मुळी कुणी ऐकू नये असं.

त्यामुळे चार नंबरात ज्या ज्या मुलींची सोय लागली, त्या त्या सगळ्यांनी खोलीबदलाचे अर्ज केले. कुणाला तिथे ओल लागायची, कुणाला डास चावायचे, एकीला तर म्हणे उजेडाने डोकं दुखायचं. कडीबाईंना सगळं कळायचं. त्या हसून अर्ज घ्यायच्या आणि मंजूरही करून टाकायच्या. शेवटी तिथे एकच मुलगी टिकली. तिला आम्ही पुस्तकी म्हणायचो, कारण तिचं तोंड सदा पुस्तकात. तिच्याकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं, बिचारीकडे.

आणि त्या खोलीत जायला मिळावं म्हणून अर्ज करणारी, वसतिगृहाच्या इतिहासातली पहिली आणि शेवटची बाई म्हणजे मी.

कारण सांगते, लपवत नाही. आयुष्याची पहिली अठरा वर्षं ते लपवण्यातच गेली, आता पुरे. मला फिट येते. लहानपणापासून. गोळ्या चालू होत्या, त्यांचा गुणही होता, पण वर्षातून तीन-चारदा तरी यायचीच, बहुतेक पहाटे, झोपेतून उठताना. आणि नवी मुलगी म्हणून मला मिळाली होती तिसऱ्या मजल्यावरची खोली, त्यात दोन मजली खाट, त्यात वरची. खाली फरशी.

घरातून निघताना आईने गोळ्या एका बरणीत भरून दिल्या होत्या आणि वर चिठ्ठी चिकटवली होती, 'ताकदीच्या गोळ्या'. आई शिवणकाम करायची. वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तिचा एकच मंत्र होता, झाकली मूठ सव्वा लाखाची. "कुणाला सांगायचं नाही. कळलं की कॉलेजवाले घरी पाठवतील, आणि पुढे लग्नाचं नावही घ्यायला नको." मास्तरीण होण्याच्या दोन वर्षांच्या कोर्सला मला प्रवेश मिळाला तेव्हा ती आनंदाने रडली, आणि त्याच रात्री काळजीनेही रडली. तरी पाठवलंन मला. बाई मोठ्या धीराची.

पहिल्या सत्रातच मी जिन्यावर पडले. पाण्याची बादली घेऊन वर चढत होते, मधल्या वळणावर शुद्ध हरपली. जाग आली तेव्हा जीभ चावलेली, कपडे ओले आणि भोवती चार मुली. "पाय घसरला," मी म्हटलं. सगळ्यांना पटलं. मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. आणि डॉक्टर तर बजावून सांगायचे की झोप कमी झाली की फिट हमखास येणार! म्हणजे काय, भीतीने झोप नाही, आणि झोप नाही म्हणून पुन्हा भीती. वरच्या खाटेवर मी ओढणीने स्वतःचा हात दांड्याला बांधून झोपायचे. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. मूर्खपणा नुसता!

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, चार नंबर. तळमजला. सुट्या, बुटक्या खाटा. आणि ती भिंत. सगळ्या मुलींना जी भिंत नको होती, तीच मला हवी होती. मी पडले, धडपडले, तर कुणीतरी ऐकेल.

आता कडीबाईंविषयी सांगते, नाहीतर म्हणाल ही आपलीच कहाणी घेऊन बसली. हे सगळं सांगायचं कारणच मुळी त्या आहेत.

कडीबाई म्हणजे आमच्या वॉर्डन. रोज रात्रीच्या हजेरीनंतर त्या प्रत्येक खोलीचं दार बाहेरून ढकलून बघायच्या, आतून कडी नीट लागली आहे ना. नसली लागलेली तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "कडी कोण लावणार, तुझे मामा?" म्हणून त्या कडीबाई. बुटक्या, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला, आणि चाल अशी की वाटावं कुठेतरी आग लागली आहे. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, तो अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी वाऱ्यावर सोडलं तेव्हा सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागल्या, तिथेच रात्रशाळा करून शिकल्या आणि मग वसतिगृहात आधी मदतनीस, पुढे वॉर्डन. हे त्यांनी कधी कौतुकाने सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "पोटाला लागतं गं, दुसरं काय." तोंड फटकळ, पण कुणाला ताप आला तर रात्री उशाशी याच. मुली त्यांना घाबरायच्या आणि आजारी पडल्या की आईच्या आधी त्यांचं नाव घ्यायच्या.

खोली बदलायची तर रीत ठरलेली होती. अर्ज वॉर्डनच्या नावे, मराठीत. सोबत त्याचीच इंग्रजी प्रत, कारण खोलीबदलाचा आदेश निघायचा मुख्य कार्यालयातून, आणि तिथले प्रशासनाचे साहेब दुसऱ्या मुलखातले, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. वॉर्डन मराठी अर्जावर आपला शेरा आणि शिफारस लिहिणार, इंग्रजी प्रतीवर 'खरी प्रत' असा शिक्का मारून सही करणार, मग दोन्ही कागद कार्यालयात जाणार, तिथे आवक नंबर पडणार आणि साहेबांचा आदेश झाला की जुन्या खोलीतलं सामान मोजून द्यायचं, किल्ली परत करायची, नव्या खोलीच्या सामानाच्या यादीवर सही करून नवी किल्ली घ्यायची. लग्न लावणं सोपं, खोली बदलणं अवघड!

मी अर्ज लिहायला बसले. खरं कारण लिहिता येत नाही म्हटल्यावर माणूस काय काय लिहितो बघा. 'मा. वॉर्डन मॅडम यांच्या सेवेशी, सविनय अर्ज करते की, चार नंबरच्या खोलीत अभ्यासास योग्य शांतता असून आपल्यासारख्या मायाळू व शिस्तप्रिय व्यक्तीच्या छत्रछायेत राहण्याचे भाग्य लाभावे अशी नम्र इच्छा आहे.' शेवटी 'आपली आज्ञाधारक'. इंग्रजी प्रत मी शब्दकोश मांडीवर घेऊन केली. छत्रछायेला इंग्रजीत काय म्हणायचं यात संध्याकाळ गेली, शेवटी सरळ छत्रीच लिहून टाकली.

कडीबाईंनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कितीची पैज लागली आहे?"

"पैज नाही, बाई."

"मग वरच्या खोलीत कुणाशी वाजलं?"

"नाही बाई. सगळ्या चांगल्या आहेत."

"मग? इतकी वर्षं मी इथे आहे, माझ्या छत्रछायेत यायला एकही पोर तयार झाली नाही. तू काय आभाळातून पडलीस? आणि मायाळू म्हणे! मला मायाळू म्हणणारी एकतर खोटारडी असते नाहीतर पैसे मागायला आलेली."

त्यांनी खुर्ची पुढे ढकलली. "बस. मागे जिन्यावर पडलीस ती तूच ना? पाय घसरून माणूस जीभ चावत नाही. दवाखान्यात वर्षानुवर्षं फरशा पुसल्या आहेत मी. काय ते बोल."

आणि मग जे धरण फुटलं! मी हुंदके देत देत सगळं सांगितलं. फिट, गोळ्यांची बरणी, ओढणी, आईची ताकीद, सगळं. आई सोडून दुसऱ्या माणसासमोर तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होते. मला वाटलं, आता या उठतील आणि म्हणतील, बांध गाशा.

त्या उठल्या, पण पाण्याचा तांब्या घ्यायला. "एवढंच ना? त्यात रडण्यासारखं काय आहे? रडायचं ते त्या ओढणीबद्दल रड. हात बांधून झोपते म्हणे! फिटमध्ये हात निखळला असता म्हणजे? अक्कल गहाण टाकली होतीस का?" आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी घाईघाईने, कुणी बघत तर नाही ना अशा बेताने.

त्याच दिवशी, आदेशबिदेश यायच्या आधी, त्यांनी वरच्या खोलीतल्या मुलीला दमात घेऊन माझी खाट खाली करवली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझी मर्जी." मग दुसरा अर्ज लिहायला बसवलं. मराठीत सगळं खरं, सरळ भाषेत. छत्रछाया खोडली. 'मला फिट येण्याचा आजार असून उपचार चालू आहेत. तळमजल्यावरील खोली व खालची खाट मिळाल्यास माझी सोय होईल. तरी चार नंबरच्या खोलीतील रिकामी जागा मला द्यावी, ही नम्र विनंती.' बस्स. तीन ओळींत काम झालं. "अर्ज असा असतो," त्या म्हणाल्या. "आदर शब्दांच्या फुलोऱ्यात नसतो, समोरच्याचा वेळ न खाण्यात असतो."

पण इंग्रजी प्रतीचं काय? ती कार्यालयात जाणार, चार टेबलांवरून फिरणार. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. कडीबाईंनाही माझी दया आली. म्हणाल्या, "बरं, इंग्रजीत नुसतं 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिही. तिथल्यांना काय करायचं आहे? खरं ते मला कळलंय ना, झालं." मी तसं लिहिलं. त्यांनी त्यावर 'खरी प्रत' असा शिक्का मारला, सही ठोकली आणि शिपायाबरोबर दोन्ही कागद एकाच टाचणीत लावून पाठवून दिले. बघा गंमत! झाकायचं म्हणून इंग्रजीत झाकलं, आणि न झाकलेला मराठी अर्ज त्यालाच टाचला! आम्हा दोघी शहाण्यांच्या डोक्यात हे आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी कडीबाईंच्या खोलीत असतानाच कार्यालयातले हेडक्लार्क स्वतः कागद घेऊन आले. भला माणूस, पण नियमाला चिकटलेला. त्यांना दोन्ही भाषा यायच्या. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, माफ करा, पण हे साहेबांसमोर ठेवता येणार नाही. प्रत म्हणजे प्रत. इथे एक आणि तिथे भलतंच. साहेबांची सही इंग्रजी कागदावर होणार. उद्या पोरीला काही झालं तर साहेब म्हणतील मला सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही म्हणाल मराठीत लिहिलं होतं. मरण कुणाचं? पोरीचं. अजून मी कुणाला दाखवलेलं नाही. नीट करून द्या."

कडीबाईंचा चेहरा पडला. अर्जात काना-मात्रा चुकली तरी मुलींना परत पाठवणारी ही बाई. पण सबबी सांगितल्या नाहीत. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "शिक्का मी मारला." हेडक्लार्क गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "हे बघ. आजार तुझा आहे, कागदही तुझा. दोन्हीकडे मोघम लिहायचं तर तसं लिही. मी शिफारस करीन, पण रिकाम्या जागेसाठी आणखी कुणी आलं तर तुझा हक्क सांगायला माझ्याकडे काही नसेल. दोन्हीकडे खरं लिहायचं तर तसं लिही. मग मात्र मी साहेबांसमोर तुझ्याबरोबर उभी राहीन. ठरव. आणि लवकर ठरव, मला मेसचा हिशेब बघायचा आहे."

आई म्हणते ते खरं निघालं तर? एका शब्दाने माझं शिक्षण जाईल का? पण ती फरशी डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी शब्दकोश उघडला आणि इंग्रजी प्रतीत आजाराचं नाव लिहिलं. खाडाखोड होऊन दोनदा कागद बदलावा लागला.

साहेबांसमोर कडीबाई उभ्या राहिल्या, त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीसकट. साहेबांनी कागद वाचला. मी नाक मुठीत धरून उभी. त्यांनी फार काही विचारलं नाही. आजाराचा शिक्षणाशी काही संबंध नाही, असं म्हणाले, मात्र दोन कागद हवेत: एक डॉक्टरांचं पत्र, मुलगी वसतिगृहात राहू शकते आणि तिला तळमजला हवा असं सांगणारं, आणि एक पालकांचं संमतीपत्र, की आजाराची आणि त्यावरच्या उपायांची आम्हाला कल्पना आहे. "हे दोन आणा, आदेश काढतो." मला वाटलं होतं आभाळ कोसळेल, आणि इथे नुसते दोन कागद! बाहेर आल्यावर मी जिन्याशीच बसकण मारली आणि हसत सुटले. कडीबाई म्हणाल्या, "हसतेस काय? अजून आई बाकी आहे."

पुढचं आधीच सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. माझा कोर्स पूर्ण झाला, नोकरी लागली, लग्नही झालं, सगळं आधी सांगून, आणि आता वर्गातल्या एखाद्या पोराला फिट आली तर मी सोडून बाकीचे सगळे घाबरतात. चार नंबरात मी उरलेलं दीडेक वर्ष काढलं. त्या काळात चार-पाच वेळा तरी मला जाग आली ती कडीबाईंच्या मांडीवर, कूस बदललेली, गळ्याशी गुंडी सैल केलेली, आणि वर त्यांची बडबड, "झालं गं, झालं. संपलं. नाव सांग बघू तुझं." त्यांच्या दारांच्या फेरीत फक्त आमच्या दाराला आतून कडी लावायची मनाई होती. सुतार बोलावून ती काढूनच टाकली त्यांनी. जिच्या नावातच कडी, तिने माझ्यासाठी कडी काढली! हे उपकार कुठल्या जन्मी फेडू? फेडायचे नाहीतच, मला त्या ऋणातच राहायचं आहे.

पण खरी गोष्ट आई आली त्या दिवसाची आहे.

डॉक्टरांचं पत्र पटकन मिळालं. आईला मी पाकिटातून सगळं कळवलं, संमतीपत्राचा कागद सोबत. उत्तर आलं नाही, आईच आली. दुपारची वेळ, कडीबाईंच्या खोलीत. हातातली पिशवी खाली न ठेवता तिने सुरू केलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? माझ्या पोरीचं नाव कागदावर चढवलंत, इंग्रजीत चढवलंत! अठरा वर्षं मी शेजारणीला कळू दिलं नाही. तुमचं काय जातं? उद्या तिच्याकडे बोट दाखवतील ते तुम्हाला नाही दाखवणार. मी सही करणार नाही. चल गं, सामान आवर, घरी चल."

साहेबांना पटलं, हेडक्लार्कला पटलं, आणि आता घरच्या माणसापाशी येऊन गाडं अडलं. ही घेऊन गेली की संपलंच. शिवणयंत्रापुढे बसायचं आणि झाकली मूठ सांभाळायची, जन्मभर.

मला वाटलं, कडीबाई आता आईला फैलावर घेणार. त्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्याच. पण सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमची मुलगी. न्यायची तर न्या, मी कोण अडवणार? पण तुमची गाडी संध्याकाळची. उन्हातून आलात. शेजारच्या खोलीत जरा टेका. मी चहा सांगते." आणि आम्हाला चार नंबरात बसवून दार ओढून गेल्या.

तिथे पुस्तकी होती. तिने पुस्तक मिटलं, हे तिच्या बाबतीत फार मोठं होतं. मी तिला आदल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं, एका खोलीत राहायचं तर सांगायलाच हवं म्हणून. आई रिकाम्या खाटेवर टेकली. पुस्तकी थोडा वेळ चुळबुळली आणि मग एकदम म्हणाली, "काकू, हिला ते होतं तेव्हा नेमकं काय करायचं असतं? पुस्तकात बघितलं, पण तुम्ही केलंय. मला शिकवाल का? पहिल्यांदा मी घाबरेन, मग नाही घाबरणार."

आईने तिच्याकडे बघितलं. तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. तिने उठून दार घट्ट लावलं, पुस्तकीला जवळ बसवलं आणि अगदी कानात सांगितल्यासारखं बोलू लागली, "हिला फिट येते ना, तेव्हा आधी आजूबाजूचं कडक सामान बाजूला करायचं. धरून ठेवायचं नाही, दाबायचं नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं. थांबली की कुशीवर वळवायचं."

आईच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. घरातसुद्धा ती 'तुझं ते' म्हणायची.

"आणि घाबरून तोंडात..." आई म्हणत होती.

"...काहीही घालायचं नाही! चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही!" फळ्यांपलीकडून कडीबाईंचा आवाज. "आणि घड्याळ बघायचं, ताई, ते सांगायचं राहिलं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. रिक्षावाल्याचं घर मागच्याच गल्लीत आहे, मी सांगून ठेवलंय त्याला."

आई दचकून उभी राहिली. मी मनात म्हटलं, संपलं सगळं, आता हिला वाटणार चोरून ऐकतात. आईने भिंतीकडे पाहिलं, मग हात पुढे करून फळीवर टेकवला.

"इतकं हळू बोलले तरी ऐकू येतं तुम्हाला?" तिने विचारलं, अगदी तशाच हळू आवाजात.

"येतं हो. तिने कूस बदलली तरी येईल. मला म्हातारीला झोप कुठे असते?"

"रात्रीचंही?"

"रात्रीचं तर जास्तच."

आई पुन्हा खाटेवर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं रागाने रडते आहे. पण ती म्हणाली, "अठरा वर्षं मी एकटी ऐकत होते गं. हिच्या अंगावर हात ठेवून झोपायचे. हिने श्वास मोठा घेतला तरी उठायचे. आता ही इथे आणि मी तिथे, तरी रात्री उठून बसते. कान देऊन. इतक्या लांबून काय ऐकू येणार आहे, पण बसते." पुस्तकी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी काय करणार, मीही रडले. इतकी वर्षं मला वाटायचं की आई लाज झाकते आहे. ती मुठीत काय धरून बसली होती ते मला तेव्हा कळलं.

चहा आला, तो प्यायली. "जरा पाठ टेकते," म्हणाली आणि त्या खाटेवर, गादी न घातलेल्या नुसत्या फळीवर, पिशवी उशाला घेऊन आडवी झाली. माझ्याकडे पाठ करून झोपली. मी तिला माझ्या आधी झोपलेलं त्या दिवसापर्यंत कधी पाहिलं नव्हतं, आणि अशी तर नाहीच, घोरते आहे, हात सैल सुटलेला. बाहेर मुली आरडाओरडा करत होत्या, मेसमध्ये भांडी आपटत होती, तिला पत्ता नव्हता.

संध्याकाळ व्हायला आली तशी मी कडीबाईंच्या दाराशी गेले. म्हटलं, "बाई, आईची गाडी निघून जाईल. उठवू का? आणि ते संमतीपत्र..."

"खबरदार उठवलंस तर," कडीबाई म्हणाल्या. त्या फळ्यांना टेकून बसल्या होत्या. "सही काय, उद्या करेल. झोपू दे तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सही केली, आणि खाली तिच्या शिवणाच्या टाक्यासारख्या बारीक, सरळ अक्षरात मराठीतून एक ओळ स्वतःहून लिहिली, 'वॉर्डनबाईंवर माझा पूर्ण भरवसा आहे.' कडीबाईंनी मला बसवून त्या ओळीचंही इंग्रजी करायला लावलं, आणि ते अगदी तसंच्या तसं आहे ना, हे हेडक्लार्कना दाखवून मगच शिक्का मारला.